दादाचा रिकामा इनबॉक्स आणि माळ्यावरचा पीसी

परवा दादाचा फोन आला. "अरे, माझं मेल उघडलं, पण आत काहीच नाही!" 2006 मध्ये काढलेलं खातं, गेली पाचेक वर्षं उघडलंच नव्हतं. आईचे फोटो त्यातच होते.

माझा पहिला प्रश्न होता, स्क्रीनवर नेमकं काय दिसतं? पासवर्ड चुकीचा म्हणत असेल तर खातं बहुधा जिवंत असतं. असं खातंच नाही म्हणत असेल तर ते बंद झालेलं असू शकतं. मग रिकव्हरी पानावर लगेच प्रयत्न करायचा, कारण उशीर झाला की तीही वाट बंद होते. आणि दादासारखं आत जाता आलं, पण पेटी रिकामी, तर बराच काळ न वापरलेल्या खात्यांच्या नियमानुसार मजकूर पुसून नुसतं खातं, म्हणजे रिकामी खोली, शिल्लक ठेवलेलं असतं. दादाने मदतकेंद्राला लिहिलंच. उत्तर आलं, पुसलेलं परत आणता येत नाही.

मग शोध घरात सुरू झाला. माळ्यावरच्या जुन्या पीसीत थंडरबर्ड हा मेल बघायचा प्रोग्रॅम होता. चालू करण्याआधी मी नेटची वायर काढली. दादा म्हणाला, "वायर कशाला?" कारण खातं आयमॅपवर असेल, तर प्रोग्रॅम सर्व्हरकडे बघतो, तिथे रिकामं दिसलं की आपल्याकडची प्रतही पुसतो. पॉपवर असेल तर मेल उतरवून घेतलेले असतात, त्यांना धोका नाही. थंडरबर्ड खात्याचे मेल ज्या फोल्डरमध्ये ठेवतो त्याचं नाव बघून कळतं: आयमॅपचं ImapMail, पॉपचं Mail. दादाचं Mail निघालं. आत Inbox नावाची, एक्स्टेंशन नसलेली फाइल. ती माझ्या लॅपटॉपवरच्या थंडरबर्डच्या Local Folders मध्ये ठेवली (थंडरबर्ड बंद असताना), आणि 2012 पर्यंतचे मेल उघडले. आईचे बरेच फोटो मिळाले! त्यानंतरचे मात्र नाहीत; तेव्हापासून दादा मेल थेट ब्राउझरमध्ये बघायचा. त्यातले काही त्याने मला पाठवलेले, म्हणून माझ्या पेटीत सापडले. बाकीचे गेले.

नियमावर माझा राग नाही. फुकटची जागा कंपनी जन्मभर सांभाळणार नाही. गूगलनेही 2023 मध्ये जाहीर केलं की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढता येतील, आणि त्याच वर्षी डिसेंबरपासून ते लागू केलं. माझं भांडण सूचनेशी आहे. सूचना जाते त्याच पेटीत जी कोणी उघडत नाही, किंवा रिकव्हरीच्या पत्त्यावर. दादाचा तो पत्ता जुन्या नोकरीतला होता. पाच वर्षं शांत असलेल्या माणसाला मोबाइलवर एक मेसेज पाठवायला काय जातं?

आता दादाची एक कटकट उरली आहे. ज्या ज्या साइटवर तो जुना पत्ता दिला होता, तिथे आत जाता येतंय तोवर नवा पत्ता टाकायचा. तीन झाल्या. चौथीवर पासवर्ड आठवत नाही. निदान खोली शिल्लक असल्यामुळे रीसेटची लिंक त्या रिकाम्या पेटीत येते.