विमानाचं प्रमाणपत्र, ए चेक, सी चेक आणि एक व्हायरल मेसेज

“विमानाला सरकार एकदाच फिटनेस सर्टिफिकेट देतं, ते आयुष्यभर चालतं. पूर्ण विमान उघडून बघतात ते सहा वर्षांतून एकदा. मधे बिघाड असला तरी ‘नंतर करू’ असं लिहून उडवतात. आणि तपासणारी कंपनी तीच, सही करणारीही तीच. बसण्याआधी विचार करा!”

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. उड्डाणयोग्यता प्रमाणपत्रावर, म्हणजे हँगरच्या बोलीत सी-ऑफ-एवर, आता मुदत संपल्याची तारीख नसते. पण ते प्रमाणपत्र दोन गोष्टी सांगतं: हे विमान मंजूर डिझाइनप्रमाणे बांधलेलं आहे, आणि ते सुरक्षित उडण्याच्या स्थितीत आहे. पहिली गोष्ट कारखान्यातच ठरते. दुसरी रोज बदलते. म्हणून त्याच्या सोबत दुसरा एक कागद लागतो, एअरवर्दीनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट, थोडक्यात एआरसी. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांप्रमाणे एआरसीची मुदत एक वर्षाची असते. ती संपली की सी-ऑफ-ए फाइलमध्ये कितीही नीट लावलेलं असो, त्या विमानाने प्रवासी घेऊन उडायचं नाही.

एआरसीसाठी दोन कामं होतात. आधी कागद बघतात. एकूण तास आणि फेऱ्या बरोबर नोंदल्या आहेत का, लागू असलेले सगळे एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (धोका लक्षात आल्यावर निघणारे सक्तीचे आदेश) पाळले आहेत का, आयुष्याची मर्यादा असलेले भाग अजून मर्यादेत आहेत का, केलेल्या प्रत्येक दुरुस्तीला मंजूर आधार आहे का. मग प्रत्यक्ष विमान बघतात. भागावर कोरलेला अनुक्रमांक आणि नोंदीतला अनुक्रमांक जुळला पाहिजे. सामानाच्या दाराजवळ लोडरची धडक बसून आलेला पोचा विमानाच्या डेंट चार्टवर, म्हणजे पोच्यांच्या नोंदीच्या नकाशावर, नसेल, तर तो कधी झाला, कोणी मोजला आणि कोणत्या मर्यादेत बसतो, याचं उत्तर मिळेपर्यंत काम पुढे जात नाही.

इथे गोंधळ कसा होतो, याचं उदाहरण ताजं आहे. विस्तारा एअर इंडियात विलीन झाल्यावर तिकडून आलेल्या ७० विमानांचं पहिलं एआरसी नूतनीकरण डीजीसीए स्वतः करेल, असं ठरलं होतं. ६९ विमानांचं झालं. सत्तराव्यासाठी, एका एअरबस ए३२०साठी, अर्ज गेला होता, पण ते विमान इंजिन बदलायला उभं राहिलं आणि त्याच काळात एआरसीची मुदत संपली. इंजिन बदलून झालं, विमान सेवेत सोडलं गेलं आणि नोव्हेंबर २०२५मध्ये त्याने प्रवाशांसह ८ फेऱ्या केल्या. चूक कंपनीनेच डीजीसीएला कळवली. मग विमान थांबवलं गेलं आणि चौकशी लागली. इंजिन बदलल्यावर होणारी सही फक्त त्या कामापुरती असते. पूर्ण विमानाच्या मुदती सांभाळणारा विभाग वेगळा असतो, आणि या दोघांच्या मधल्या फटीतूनच असा कागद निसटतो. प्रमाणपत्र खरंच आयुष्यभराचं असतं, तर हे प्रकरण घडलंच नसतं.

आता ‘सहा वर्षांतून एकदा’. हा आकडा हवेतून आलेला नाही. ए३२०च्या सांगाड्याची मोठी तपासणी साधारण ६ आणि १२ वर्षांच्या टप्प्यांवर येते, आणि लोक तिला सवयीने डी चेक म्हणतात. पण त्याआधीच्या पायऱ्या मेसेजमधून गळल्या आहेत. रोजच्या तपासणीत टायरचा दाब, ब्रेकची झीज दाखवणारी पिन, इंजिनातलं तेल आणि बाहेरून पूर्ण फेरी एवढं होतं. तेलाची पातळी इंजिन बंद केल्यावर ठरलेल्या वेळेतच बघायची असते. फार उशीर झाला की तेल टाकीतून खाली निथळतं, पातळी खोटी कमी दिसते आणि कोणी तरी गरज नसताना तेल भरतो. त्यानंतर आठवड्याची तपासणी. मग ए चेक. ए३२०वर तो बरीच वर्षं साधारण ७५० तास, ७५० फेऱ्या किंवा ४ महिने, यांपैकी जे आधी येईल त्याला होत आला आहे. बऱ्याचदा एका रात्रीत आटोपतो. त्याहून मोठ्या सी चेकचा जुना प्रचलित हिशोब ७,५०० तास, ५,००० फेऱ्या किंवा २४ महिने असा होता. नव्या कार्यक्रमांत तो वाढला आहे. नागपूरला मिहानमध्ये किंवा मुंबईत कलिन्याच्या हँगरात दिवसचे दिवस उभं असलेलं विमान बहुधा अशाच मोठ्या कामाला आलेलं असतं.

‘जे आधी येईल ते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण तिन्ही घड्याळं वेगळं नुकसान मोजतात. तास मोजतात फिरणाऱ्या आणि घासणाऱ्या भागांची झीज. फेरी मोजते थकवा: प्रत्येक उड्डाणात केबिन एकदा फुगते आणि एकदा सैल होते, चाकांचा सांगाडा एकदा दणका खातो. दिनदर्शिका मोजते गंज, जो विमान उभं असतानाही वाढतो. मुंबई-गोवा करणारं विमान मुंबई-दिल्ली करणाऱ्यापेक्षा तेवढ्याच तासांत कितीतरी जास्त फेऱ्या करतं. २८ एप्रिल १९८८ला हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७च्या केबिनचं छप्पर हवेत उडालं आणि एक हवाई सेविका गेली. त्या १९ वर्षांच्या विमानाचे तास ३५ हजारांच्या आसपास होते, पण बेटाबेटांतल्या छोट्या उड्डाणांमुळे फेऱ्या जवळजवळ ९०,००० झाल्या होत्या.

सी चेकला काय सापडतं? गॅली, म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर, आणि स्वच्छतागृहाखालच्या जमिनीच्या तुळया हे नेहमीचे गुन्हेगार. चहा, ज्यूस, पाणी पॅनेलच्या सांध्यातून खाली जातं, ॲल्युमिनियमवरचा रंग फुगतो आणि खाली पांढरी पूड दिसते. ती घासून काढायची, उरलेली जाडी मोजायची आणि मर्यादेत असेल तर रंग व गंजरोधक लावून बंद करायचं. नसेल तर तुकडा घाला किंवा तुळई बदला. काम इथे संपत नाही. ठरलेल्या मर्यादेपलीकडचा गंज सापडला, तर तपासणीचं अंतर चुकलं आहे, असा त्याचा अर्थ होतो आणि ते कमी करावं लागतं. बाकीच्या ताफ्यातली तीच जागाही उघडून बघावी लागू शकते.

‘नंतर करू’ असं लिहून विमान उडतं, हे खरं आहे. विमानतळावर विमानांचं काम करणारा कोणीही ते नाकारणार नाही. पण काय पुढे ढकलायचं ते इंजिनिअर किंवा कॅप्टनच्या मर्जीवर नाही. मिनिमम इक्विपमेंट लिस्ट नावाची मंजूर यादी असते. यादीत परवानगी नसेल तर विमान तिथेच उभं. असेल तर बिघाडाच्या वर्गाप्रमाणे मुदत ठरलेली: बी वर्गाला ३ दिवस, सी वर्गाला १०, डी वर्गाला १२०, बिघाड नोंदवलेला दिवस सोडून. समजा, एका इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर, म्हणजे इंजिनाचा जोर उलटा वळवून विमान थांबवायला मदत करणारी यंत्रणा, बिघडला. तो यांत्रिक कुलूप घालून बंद ठेवतात, कॉकपिटमध्ये चिठ्ठी लावतात, लॉगबुकात नोंद होते आणि १० दिवसांचं घड्याळ सुरू होतं. कोरड्या धावपट्टीवर धावता धावता उड्डाण रद्द करून थांबायला किती अंतर लागेल, हा हिशोब मुळातच रिव्हर्सर न धरता केलेला असतो, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. ओल्या धावपट्टीवर मात्र वजन कमी करावं लागू शकतं, म्हणून वैमानिकाला ती नोंद उड्डाणाआधी दिसलीच पाहिजे. शंका घ्यायचीच असेल तर इथे घ्या: एकाच विमानावर अशा पाच-सहा नोंदी साचल्या की प्रत्येक नोंद एकेकटी चालण्यासारखी असते, पण त्यांचा एकत्र परिणाम यादी पूर्णपणे पकडत नाही. तो विचार माणसालाच करावा लागतो.

शेवटचा आरोप सगळ्यात गंभीर आहे. कंपनीचेच इंजिनिअर सही करतात, हो. पण परवाना त्यांचा वैयक्तिक असतो, आणि खोट्या सहीची किंमत म्हणून तो जाऊ शकतो. उड्डाण नियंत्रणाची जोडणी सोडून परत लावली, तर पहिल्याने केलेलं काम दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासून वेगळी सही करायची असते. मेसेजचा रोख असा दिसतो, की सही सरकारी माणसाची असती तर धोका टळला असता. अलास्का एअरलाइन्सची फ्लाइट २६१ नेमकं उलट सांगते.

३१ जानेवारी २०००ला हे एमडी-८३ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत समुद्रात कोसळलं आणि ८८ जण गेले. या विमानात शेपटीचा आडवा पंख एका लांब स्क्रूवर वरखाली होतो, आणि तो स्क्रू ज्या नटातून फिरतो त्याचे आटे मऊ धातूचे असतात. त्यांना वेळेवर ग्रीस लागतं. ग्रीसचं अंतर १९८७मध्ये ५०० तास होतं. ते टप्प्याटप्प्याने वाढत १९९६मध्ये ८ महिन्यांवर गेलं, म्हणजे त्या कंपनीच्या वापराप्रमाणे सुमारे २,५५० तास. आटे किती झिजले हे मोजण्याचं अंतरही वाढत गेलं. अमेरिकन नियामकाने, एफएएने, ही वाढ मान्य केली होती.

सप्टेंबर १९९७च्या सी चेकमध्ये झिजेमुळे वाढणारी नटाची ढिली हालचाल ४० थाऊ भरली (वर्कशॉपमधला थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग). मर्यादाही नेमकी ४०. भाग बदलायचं ठरलं, मग पुन्हा मोजलं, ३३ भरली, आणि विमान सोडलं. इथे हिशोब करून बघा. अपेक्षित झीज दर हजार तासांना १ थाऊ. विमान त्यानंतर सुमारे ८,९०० तास उडालं, म्हणजे सगळं सुरळीत असतं तरी ३३ अधिक ९, ४२ थाऊ: पुढची मोजणी यायच्या आतच मर्यादा ओलांडलेली. प्रत्यक्षात अपघातानंतर स्क्रूच्या काम करणाऱ्या भागावर उपयोगाचं ग्रीस सापडलं नाही आणि नटाचे आटे पूर्ण घासून गेले होते.

त्या फाइलमध्ये सह्या होत्या, अंतरं मंजूर होती, प्रमाणपत्र चालू होतं. त्यामुळे सही कोणाची यापेक्षा तपासणीचं अंतर कशाच्या आधारावर वाढवलं, हा प्रश्न जास्त बोचरा आहे. अंतर वाढवायचं तर ‘एवढ्या विमानांवर मोजलं, झीज एवढीच निघाली’ हा पुरावा हवा, आणि ग्रीस व मोजणी ही दोन्ही अंतरं एकाच वेळी ताणायची नाहीत, कारण एक चुकलं तर दुसऱ्याने पकडायचं असतं. अपघातानंतर एफएएने सक्तीच्या आदेशाने ग्रीस ६५० तासांवर आणि मोजणी २,००० तासांवर आणली.