आमचे ५१ हजार परत द्या

डोकं सणकलंय नुसतं. पैसे आमचे आणि तेच मागायला त्या बिल्डरच्या ऑफिसात तासन् तास बसून राहायचं. वरून काउंटरवरचा पोरगा मान वर न करता म्हणतो, "भाऊ, टोकन वापस भेटत नाही. साऱ्या मार्केटचा रूलच हाय थो."

कोणत्या मार्केटचा? कोणी केला हा रूल?

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिला जाणं-येणं सोपं पडावं म्हणून तालुक्याच्या गावी २४ लाखांचा फ्लॅट पाहिला आणि ५१ हजार टोकन दिलं. अॅग्रीमेंट झालं नव्हतं, स्टॅम्प ड्युटी भरली नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात तिच्या बदलीचा आदेश आला, तो थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा. तिथून रोज कोण येणार-जाणार? आम्ही लगेच जाऊन सांगितलं, फ्लॅट नको, पैसे परत करा. तर त्यांनी आमचीच पावती आमच्यासमोर धरली. अर्ध्या कागदावर फ्लॅट नंबर, रक्कम, सही आणि खाली जांभळ्या शाईचा रबरी शिक्का: 'नॉन-रिफंडेबल'. संपला विषय म्हणे.

अरे, असा कसा संपला? शिक्का मारला की कायदा बदलतो का? बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या महारेरा या सरकारी प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये अलॉटमेंट लेटरचा, म्हणजे फ्लॅट आपल्या नावावर राखल्याच्या पत्राचा, नमुनाच ठरवून दिलाय. बिल्डरने लेटर दिल्यापासून १५ दिवसांच्या आत बुकिंग रद्द केलं तर एक रुपयाही कापता येत नाही. १६ ते ३० दिवसांत रद्द केलं तर फ्लॅटच्या किमतीच्या जास्तीत जास्त १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का आणि त्यानंतर २ टक्के. म्हणजे आमच्या २४ लाखांवर अगदी दोन महिने उलटून गेले असते, तरी ४८ हजारांच्या वर कापता आलं नसतं. आम्ही तर दुसऱ्या आठवड्यात नाही म्हणालो, आणि हे अख्खे ५१ हजार गिळून बसलेत!

हे दाखवलं तर म्हणतात, "लेटर तर आम्ही तुम्हाले देल्लंच नाही, मंग पंधरा दिवस कायचे मोजता?" ही खरी बदमाशी. पैसे घेताना लेटर द्यायचंच नाही, "अॅग्रीमेंटच्या वेळी देऊ" म्हणून टोलवायचं, आणि माणूस माघार घेऊ लागला की स्वतः न दिलेल्या कागदाची ढाल करायची. लेटर नाही, तर मग कापण्याचा हक्क तरी कोणत्या कागदावर आला तुमच्याकडे?

"आमचं नुकसान झालं" हेही ऐकवलं. कसलं नुकसान? ऑफिसच्या भिंतीवर इमारतीचा नकाशा आहे, बुक झालेल्या फ्लॅटवर लाल टिकली लावतात. आमच्या फ्लॅटवरची टिकली तशीच होती. विचारलं तर तोच पोरगा बोलून गेला की दुसऱ्या पार्टीने घेतला, आणि आमच्यापेक्षा जास्त भावाने घेतला. जास्त पैसे कमावले आणि तोंड वर करून नुकसान सांगता?

आमच्या स्कीमच्या बोर्डावर रेराचा नंबर आहे, म्हणून निदान भांडता तरी येतंय. आपल्याकडे तालुक्याच्या गावी कितीतरी इमारती आठ फ्लॅटच्या आतल्या किंवा ५०० चौरस मीटरच्या आतल्या प्लॉटवरच्या असतात. त्यांना रेराची नोंदणीच लागत नाही. तिथे अडकलेल्याला ग्राहक आयोग नाहीतर दिवाणी कोर्ट धरावं लागतं. कापूस-सोयाबीन विकून टोकन भरणारा माणूस ५१ हजारांसाठी वकील कुठून लावणार? हे त्या लोकांना पक्कं माहीत आहे, म्हणूनच एवढा माज.

आणि तोंडी मागत राहाल तर वर्षभर "साहेब नागपूरले गेले" एवढंच ऐकाल. रद्द करण्याचं पत्र त्यांच्या हातात पडलं, त्या तारखेपासून ४५ दिवसांत पैसे परत करायचे असतात. नाही केले तर स्टेट बँकेच्या एमसीएलआर या कर्जाच्या मूळ व्याजदरातल्या सर्वात वरच्या दरावर २ टक्के जास्त धरून व्याज द्यावं लागतं. पण पत्रच नसेल तर मोजायचं कुठून? म्हणून फ्लॅट नंबर, रक्कम, पैसे दिल्याची तारीख आणि आमचा खाते नंबर लिहून पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं, ईमेलही केला. पोच जपून ठेवली आहे.

पत्र पोहोचलं आणि साहेब नागपूरहून लगेच परत आले. स्वतः फोन केला. "भाऊ, कायले वाढवता? अर्धे घ्या नं मिटवा."

अर्धे कशाचे? बायकोच्या पगारातून वाचवलेले पैसे आहेत ते, तुमच्या घरचे नाहीत. ४५ दिवस भरले की महारेराच्या साइटवर तक्रार टाकणार. पाच हजार फी लागते, ती भरीन आणि तीही मागीन. ५१ हजारांत एक रुपया कमी घेणार नाही.