‘ठेवा’ची गोष्ट

वाचनालयाच्या सभासद मोहिमेसाठी घोषवाक्य करून द्या म्हणाले, आणि पहिल्याच बैठकीत कागदावर ‘ज्ञानाचा सागर, ग्रंथांचे आगर’ आलं. यमक चोख, पण हे वाचून करायचं काय? मान डोलवायची आणि पुढे जायचं. ‘वाचाल तर वाचाल’चंही मला तसंच वाटतं. शब्दखेळ म्हणून अफलातून, पण तो वाचनाचा प्रचार झाला. सभासदत्वाचा अर्ज भरायला त्यात कुणी सांगत नाही. मोहिमेत विकायचं असतं ते कार्ड.

म्हणून मी यमकापासूनच सुरुवात केली. ओळीतला शेवटचा शब्द कानात राहतो, तर तिथे लोकांनी करायची कृतीच बसवावी. ‘ठेवा’ सापडला. एकदा क्रियापद, एकदा नाम. पहिला खर्डा असा होता:

खिशात एक कार्ड ठेवा,
घरी येईल ग्रंथांचा ठेवा.

मोठ्याने म्हणून बघा, दुसरी ओळ धापा टाकते. मात्रा मोजल्या (ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन, जोडाक्षराआधीच्या किंवा अनुस्वार असलेल्या ऱ्हस्वाच्याही दोन), तर वर १४ आणि खाली १८. ‘येईल’ उडवलं, ‘ग्रंथ’चं ‘पुस्तक’ केलं:

खिशात एक कार्ड ठेवा,
घरी पुस्तकांचा ठेवा.

आता दोन्हीकडे १४. शिवाय ‘ग्रंथ’ म्हटलं की लोक जरा बिचकतात, तेही टळलं.

ग्रंथपाल बाईंनी मात्र लगेच शंका काढली, “अहो, घरी ‘ठेवा’ म्हणताय, मग पुस्तकं परत कोण आणणार?” हसलो, पण मुद्दा खरा होता. ‘पुस्तकांचा’मधला ‘चा’ अर्थ सांभाळतो, तरी घाईत वाचणारा फसू शकतो. त्याचं उत्तर जाहिरातीतच द्यायचं ठरलं.

जाहिरात लिहिताना ‘पुस्तकं मित्र असतात’ वगैरे सगळं खोडलं. माणूस सभासद होत नाही तो पुस्तकांवर राग असतो म्हणून नाही. नेलेलं आवडलं नाही तर काय, आपलं वाचून होईल का, ही धाकधूक असते. आणि वाचनालयाची खरी ताकद नेमकी तिथेच आहे: विकत घेतलेलं पुस्तक अर्धवट सोडलं की पैसे टोचतात, इथे नाही. म्हणून मजकूर असा झाला:

“विकत घेतलेलं किती दिवस कपाटात तसंच पडलंय? इथलं न्या. दहा पानांत कंटाळलात? परत आणा, दुसरं न्या. कुणी कारण विचारणार नाही. ओळखपत्र घेऊन या, अर्ज इथेच भरा, पहिलं पुस्तक आजच न्या.”

‘आजच’वर मी अडून बसलो. कार्ड छापून यायला आठवडा लागणार असेल तर हा शब्द खोटा ठरतो, आणि रिकाम्या हाताने परत गेलेला माणूस पुन्हा येत नाही. तेव्हा आधी हाताने लिहिलेली तात्पुरती कार्डं तयार करायला लावली, मगच फलक रंगवायला दिला.