फोटो दोनदा टाका, एकदा तरी दिसेल

एआयला फोटो दाखवला आणि त्याने चुकीचं वाचलं, तर गांगरून जाऊ नका. तोच फोटो, त्याच संभाषणात, पुन्हा टाका. सोबत ‘नीट बघ’ असं लिहा. आपल्याकडे अर्ज तीन प्रतींत दिल्याशिवाय साहेबांना दिसत नाही, मग या बिचाऱ्या यंत्राला एका प्रतीत कसं दिसावं?

समजा तुमच्या हातात आजोबांच्या वेळचा हस्तलिखित सातबारा आहे. क्षेत्राच्या रकान्यात तलाठ्याने ०.९१ लिहिलंय, म्हणजे ९१ आर, म्हणजे जवळजवळ सव्वादोन एकर. एआयने मात्र ०.११ वाचलं आणि तुमच्या वाट्याला अकरा गुंठे आले. भाऊबंदकी होण्याआधी हा प्रकार निस्तरायला हवा. तर फोटो पुन्हा टाका.

टाकण्यापूर्वी मूळ फोटो कसा काढायचा तेही सांगतो. उभं राहूनच काढा. कागद टेबलावर, बाजूला चहाचा कप, खाली मेणकापडावरची फुलं, सगळं फ्रेममध्ये येऊ द्या. फोन १२ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे ३००० बाय ४००० ठिपके. काळजी कसली? कागद साधारण ३० सेंटीमीटर उंच आणि त्याने फोटोची निम्मी उंची व्यापली, म्हणजे २००० ठिपके. तलाठ्याचा तीन मिलिमीटरचा आकडा त्यात २० ठिपके उंच येतो. झूम केलंत तर तुम्हाला ९ ची गाठ स्वच्छ दिसते. म्हणूनच तर राग येतो ना, मला दिसतंय, याला कसं दिसत नाही?

कारण त्याच्यापर्यंत हा फोटो पोचतच नाही. पोचते त्याची आटवलेली आवृत्ती. ओपनएआयने आपल्या जीपीटी-४ओ या मॉडेलच्या एपीआयसाठी, म्हणजे प्रोग्रामरांनी ते वापरण्याच्या वाटेसाठी, हिशोब कागदोपत्री दिलेला आहे: बारीक तपशिलाच्या पद्धतीत फोटो आधी २०४८ च्या चौकोनात बसवायचा, मग त्याची लहान बाजू ७६८ वर आणायची, मग ५१२ चे चौकोनी तुकडे पाडायचे. मॉडेल जे वाचतं त्याचं माप आणि बिल टोकनांत होतं: प्रत्येक तुकड्याला १७० टोकन आणि वर ८५ ठोक. तुमचा ३००० बाय ४००० चा फोटो यातून ७६८ बाय १०२४ होऊन बाहेर पडतो. चार तुकडे, ७६५ टोकन. आणि तो २० ठिपक्यांचा आकडा आता पाच ठिपके उंच उरलाय. पाच ठिपक्यांत तलाठ्याच्या हातचा १ आणि ९ वेगळा ओळखून दाखवा, मी स्वतः तुम्हाला तहसील कचेरीत नोकरी लावतो. इतर मॉडेलांची मापं वेगळी असतात, पण आटवणं बहुतेकांना चुकत नाही.

आता दुसऱ्यांदा टाका. पुन्हा तीच कात्री, तेच ७६८ बाय १०२४, तेच पाच ठिपके. त्याच चित्रातून मॉडेलच्या आतल्या हिशोबाचे तेच आकडे तयार होणार, फक्त संभाषणात थोडे खालच्या ओळीला बसणार. दोन अस्पष्ट प्रती एकावर एक ठेवून एक स्पष्ट होत नाही, कारण दोन्हींतून नेमकी तीच गाठ गळालेली आहे. वेगवेगळ्या क्षणी काढलेले दोन फोटो असते तर गोष्ट वेगळी. एकात सावली पडली असेल, दुसऱ्यात हात हलला असेल, पण निदान माहिती तरी नवी असते.

खर्चात मात्र बरकत आहे. संभाषणात तुम्ही पुढचा प्रश्न विचारता तेव्हा मागचं सगळं पुन्हा मॉडेलसमोर मांडलं जातं, पहिल्या फोटोसकट. म्हणजे तो फोटो तसाही दर वेळी समोर होताच. आता दोन आहेत. ७६५ चे १५३० झाले, आणि तेही दर प्रश्नाला.

‘पण दुसऱ्यांदा टाकल्यावर उत्तर बदललं!’ असं तुम्ही म्हणालच. बदलणारच. ‘नीट बघ’ म्हणताच आधीचं उत्तर चुकलंय हे तुम्हीच सांगून टाकलंत. पाच ठिपक्यांत १ नसेल तर ९ असेल, ७ असेल. त्यातलं तुम्हाला हवं ते आलं की थांबायचं आणि यंत्राला दृष्टी आली म्हणून पेढे वाटायचे. खरंच दिसलं की नुसतं मन राखलं, हे ताडून बघायचं असेल तर नवं संभाषण उघडा, अपेक्षित आकडा न सांगता तोच फोटो टाका, आणि असं चार वेळा करा. दर वेळी वेगळं आलं तर तो अंदाज. दर वेळी तेच आलं तरी हुरळून जाऊ नका, एकच चूक सातत्यानेही करता येते. पण हे सगळं कोण करतो? हवं ते उत्तर आल्यावर तपासायचं नसतं.

दोन प्रतींचा आणखी एक लाभ राहिलाच. ‘एकूण क्षेत्र किती?’ असं विचाराल तर मॉडेल त्यांना दोन वेगळे सातबारे समजून बेरीजही करू शकतं. अकराचे बावीस. जमीन वाढवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला ठाऊक नाही.

थोडा न्यायही करायला हवा. बहुतेक मॉडेलं क्रमाने वाचतात, म्हणजे आधी आलेल्या फोटोला नंतर आलेला प्रश्न ‘माहीत’ नसतो. प्रश्नानंतर आलेल्या प्रतीला तो माहीत असतो, त्यामुळे गर्दीच्या फोटोत नेमकं कुठे बघायचं याला थोडीफार मदत होऊ शकते. शिवाय संभाषण फार लांबलं आणि सुरुवातीचा फोटो मॉडेलच्या आवाक्याबाहेर गेला, तर पुन्हा टाकल्यावाचून गत्यंतर नाही. पण बघायची जागा बरोबर सापडली, तरी त्या जागी पाचच ठिपके आहेत.

काही नतद्रष्ट लोक दुसऱ्यांदा टाकायचाच तर कापून टाका म्हणतात. फक्त क्षेत्राच्या रकान्याभोवतीचा १००० बाय ७५० चा भाग कापायचा. तो मुळातच लहान, म्हणून आटवला जात नाही, आणि आकडा २० ठिपक्यांचा तसाच पोचतो. तुकडे पुन्हा चारच, टोकन पुन्हा ७६५. त्याच पैशात चौपट मोठा आकडा! आणखी जवळून, कागद सरळ धरून, उजेडात नवा फोटो काढला तर त्याहून बरं. कापताना रकान्याचं शीर्षक मात्र आत ठेवायचं, नाहीतर पोटखराब क्षेत्रालाच एकूण म्हणून वाचलं जाईल. दहा सेकंदांचं काम आहे. म्हणूनच त्यात मजा नाही.

आणि हो, हल्लीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, डिजिटल स्वाक्षरीसह, छापील अक्षरांत. पीडीएफ उतरवलीत की लगेच त्याची प्रिंट काढा. प्रिंटला चार घड्या घाला. ट्यूबलाइटखाली फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, म्हणजे तिथेही तो थोडा आटेल, मग काकांनी फॉरवर्ड केलेल्या प्रतीचा स्क्रीनशॉट घ्या. तो अपलोड करा.