प्रतिक्रियेला उत्तर: कंपनीच्या नावावरचा फ्लॅट विकताना

वाचकांची प्रतिक्रिया: "प्रॉपर्टी कंपनी किंवा फर्मच्या नावावर घेणं तोट्याचं, हा लेख एकांगी वाटला. प्रॉपर्टी कंपनीच्या नावावर असली की विकताना फक्त शेअर्स द्यायचे, स्टॅम्प ड्युटी जवळजवळ शून्य. शिवाय कंपनीला टॅक्स २५ टक्के, मला ३०. फर्मचंही तसंच. यात तोटा कुठे आहे?"

नमस्कार. कंपनीचा आणि तुमचा दर बरोबर आहे, फर्मला मात्र ३० टक्केच लागतो. पण पैसे तुमच्या खिशात येईपर्यंतचा हिशोब करून बघा.

पुण्यातला फ्लॅट धरू. कंपनीने १ कोटीला घेतला, भाड्याने दिला, काही वर्षांनी २ कोटीला विकला. तुम्ही म्हणता त्या २५ टक्केवाल्या कंपनीला दीर्घकालीन भांडवली नफ्यावर अधिभार आणि सेससह १४.३ टक्के, म्हणजे १४ लाख ३० हजार कर लागेल. फ्लॅट तुमच्या नावावर असता तरी साधारण तेवढाच कर लागला असता आणि दुसरं घर घेऊन तो वाचवताही आला असता. ही सवलत व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला आहे, कंपनीला किंवा फर्मला नाही.

आता नफ्यातले उरलेले ८५ लाख ७० हजार कंपनीच्या खात्यात आहेत. शेअरहोल्डर कंपनीच्या मालमत्तेचा मालक नसतो, हे सुप्रीम कोर्टाने १९५५ मध्ये बच्चा गुझदर खटल्यात सांगितलंय. लाभांश म्हणून काढले की ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आणखी २५ लाखांहून जास्त कर. कर्ज दाखवून काढले, तर बहुतेक खासगी कंपन्यांत तेही लाभांशच धरलं जातं.

शेअर्स विकले तर हा दुसरा कर टळतो, हे मान्य. ड्युटीही ०.०१५ टक्के, म्हणजे २ कोटींवर ३,००० रुपये. पुण्यात खरेदीखताला ७ टक्क्यांनी १४ लाख लागतात. पण घेणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याला फ्लॅटसोबत कंपनीच्या जुन्या नोटिसा, देणी, दिलेल्या हमी, सगळंच घ्यावं लागतं. शेअर्सवर गृहकर्ज मिळत नाही. शिवाय कंपनीच्या वहीत फ्लॅटची किंमत १ कोटीच राहते, म्हणजे तुमच्या काळातल्या नफ्यावरचा कर पुढे कंपनीवर, पर्यायाने त्याच्यावर येतो. जाणकार ग्राहक हे सगळं भावातून कापून घेतो. भाव कागदावर कमी दाखवायची सोयही नाही, कारण शेअर्सचं मूल्य काढताना फ्लॅट किमान रेडी रेकनरच्या दराने धरतात.

फर्मचं मात्र तसं नाही. भागीदारी फर्मला कंपनीसारखं वेगळं कायदेशीर अस्तित्व नसतं. भागीदारच फर्मतर्फे खरेदी करतात. कर भरल्यावर नफ्यातला वाटा भागीदाराच्या हातात करमुक्त येतो, ही तिची खरी जमेची बाजू. अडचण येते कोणी बाहेर पडताना. निवृत्त होणाऱ्या भागीदाराने फर्मचा गाळा नेला, तर तो बाजारभावाने विकला असं मानून फर्मला कर लागतो. तो गाळा त्याने स्वतः भांडवल म्हणून आणलेला नसेल, तर महाराष्ट्रात खरेदीखताइतकी स्टॅम्प ड्युटीही पडते. आणि दोघांच्याच फर्ममध्ये एक जण वारला, तर फर्मच उरत नाही. मग गाळ्याचा निकाल वारसांसोबत बसून लावावा लागतो.