एकशेवीस अंशांचा छळ

आमच्या फ्लॅटमध्ये लाइट एकाच फेजची येते. सामान्य माणसाला याचं दुःख नसतं. मला आहे, कारण नोकरी सांभाळून मी शेतपंपांच्या सिंगल फेज प्रिव्हेंटरची कार्डं दुरुस्त करतो. तीनपैकी एक फेज गेली, किंवा जोडताना कुणी दोन फेजांची अदलाबदल केली, तर स्टार्टर पाडायचा आणि मोटार वाचवायची, एवढंच या कार्डाचं काम. पण ते काम ते करतंय की नाही हे बघायला तीन फेज लागतात. न बघता कार्ड दिलं, तर रात्री पाणी धरायला गेलेला माणूस दोन वाजता फोन करतो आणि त्याच्या भाषेतली ताकद मला पुरेपूर कळते.

"अहो, मग तीन फेजचं कनेक्शन घ्या की," बायको म्हणाली. आणि लगेच, "सोसायटीला काय सांगणार? बाल्कनीत पिठाची गिरणी टाकतोय?"

खरं तर कार्डातल्या आयसीला ४१५ व्होल्ट कधी दिसतच नाहीत. आधीच्या मोठ्या रेझिस्टरांमध्ये ते खर्ची पडतात आणि आत पोचतात जेमतेम दोन-तीन व्होल्ट. म्हणजे मला हवेत दोन व्होल्टचे, ५० हर्ट्झचे तीन छोटे तरंग, एकमेकांपासून १२० अंशांवर. पहिला, आर, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून फुकट मिळतो. त्याच्या १२० अंश मागे वाय आणि १२० अंश पुढे बी, हे दोन मात्र घरी करावे लागतात.

सुट्टीला आलेला भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने ताबडतोब कागदावर एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर काढला. "मामा, आरसी लावू. फेज मागे जाते." जाते, पण एका आरसीने ९० अंश कधीच पूर्ण होत नाहीत. ६० अंश मागे नेलं की व्होल्टेज निम्मं होतं. १२० साठी अशा दोन पायऱ्या लावल्या की पाव उरतं, तेही दुसरी पायरी पहिलीवर ओझं टाकत नसेल तर. मग ते चौपट वाढवा. त्यानंतर कोन जरा सुधारायला प्रीसेट फिरवावा, तर उंची बदलते. उंची नीट करून पुन्हा कोन बघावा, तर मघाशी कशासाठी फिरवला होता ते विसरायला होतं. या खेळात माणूस सज्जन राहत नाही.

म्हणून ऑल-पास. यात तरंगाची उंची बदलत नाही, फक्त कोन बदलतो. एक ऑप-अँप घ्यायचा. त्याच्या मायनस पायाला दहा-दहा किलोओहमचे दोन सारखे रेझिस्टर जोडायचे, एक इनपुटकडून आणि एक आउटपुटकडून. प्लस पायाला इनपुटकडून एक रेझिस्टर आणि तिथून ग्राउंडला कपॅसिटर. या जोडणीत आउटपुट म्हणजे प्लस पायावरच्या व्होल्टेजची दुप्पट, वजा इनपुट. अगदी संथ तरंग आला तर कपॅसिटर नसल्यासारखाच, प्लसवर इनपुट जसंच्या तसं, म्हणून दोन वजा एक, बाहेरही तेच. खूप वेगाचा आला तर कपॅसिटर प्लसला ग्राउंडवर बसवतो आणि शून्य वजा एक, म्हणजे बाहेर बरोबर उलटा तरंग. या दोन टोकांच्या मध्ये शून्यापासून १८० अंशांपर्यंतचा प्रत्येक कोन कुठे ना कुठे सापडतो. फक्त पुरते १८० कधीच मिळत नाहीत. ते हवे असतील तर साधा इन्व्हर्टर बरा.

इनपुटला एकदम व्होल्टेज दिलं, तर हा सर्किटबुवा आधी तेवढाच उलट्या दिशेला जातो आणि मग हळूहळू सरळ होतो. भाच्याला दूध आणायला सांगितलं की तो आधी "नाही" म्हणतो आणि पाच मिनिटांनी पिशवी शोधायला लागतो, तसंच. म्हणून तपासणीला चौकोनी तरंग देऊ नये. स्कोपवर जे दिसतं ते बघून माणूस आयसी बदलायला धावतो आणि आयसी मात्र निर्दोष असतो.

हवा तो कोन एकाच फ्रिक्वेन्सीला साधायचा असल्याने गणित एका ओळीचं आहे:

```
R = tan(φ/2) / (2πfC)
```

कपॅसिटर आधी ठरवायचा, कारण बाजारात त्याचे आकडे मोजकेच मिळतात. १०० नॅनोफॅरड, म्हणजे १०४ छापलेला. १२० चा अर्धा ६०, त्याचा टॅन्जंट १.७३२, आणि ५० हर्ट्झला रेझिस्टर येतो ५५.१ किलोओहम. झाला वाय. बीसाठी रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या जागा बदलायच्या. मग कोन पुढे जातो आणि तो १८० मधून वजा करून मिळतो. १२० पुढे हवे, म्हणजे सूत्रात ६० घालायचे. अर्धे ३०, टॅन्जंट ०.५७७, रेझिस्टर १८.४ किलोओहम. एका टीएल ०७२ मध्ये दोन ऑप-अँप असतात, त्यामुळे पूर्ण कारखाना आठ पायांत बसतो.

इथवर सगळं कागदावर. दुकानात मी १०४ चा पॉलिस्टर कपॅसिटर मागितला. दुकानदाराने सिरॅमिकची चकती पुढे केली. "दोन्ही एकशे चारच," तो म्हणाला. छापलेला आकडा तोच, हे खरं. पण स्वस्त सिरॅमिक उन्हाने आणि व्होल्टेजने बदलतं. इथे आरसीत एक टक्का चूक म्हणजे कोनात अर्धा अंश चूक. पॉलिस्टरचाही दहा टक्क्यांचा वायदा असतो, म्हणजे पाच अंश, पण निदान तो आपल्या चुकीवर ठाम राहतो. ठाम चूक प्रीसेटने काढता येते. म्हणून ५५.१ च्या जागी ४७ किलोचा रेझिस्टर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये २० किलोचा बहुफेरी प्रीसेट, १८.४ च्या जागी १५ किलो आणि १० किलोचा प्रीसेट. ही चकती नको, ती पिवळी डबी द्या, असं म्हटल्यावर दुकानदाराने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही.

सोल्डरिंग भाच्याने केलं. मग स्कोप एक्स-वाय मोडवर टाकून त्याने आर आणि वाय जोडले. पडद्यावर तिरपी लंबवर्तुळाकृती आली. मधल्या उभ्या रेषेवरची उंची भागिले पूर्ण उंची, ०.८६६. "साइन एकशेवीस! मामा, पहिल्या फटक्यात!" पेढे आणायला तो चप्पल घालू लागला.

मी म्हटलं, साइन साठ किती?

तो थांबला. साठचाही ०.८६६ च. लंबवर्तुळ कोणत्या बाजूला कललं आहे ते बघायचं: उजवीकडे कललं तर ९० पेक्षा कमी, डावीकडे कललं तर ९० पेक्षा जास्त. त्याचं उजवीकडे होतं. त्याने वायचाही कपॅसिटर वर आणि रेझिस्टर खाली लावला होता, म्हणून १२० मागे राहण्याऐवजी वाय ६० अंश पुढे निघून गेला होता. "पण गणित बरोबर होतं," तो म्हणाला. गणित बरोबरच होतं. त्याने दोन जागा बदलून पुन्हा सोल्डर मारला आणि लंबवर्तुळ निमूट डावीकडे झुकलं.

डोळ्यांनी लंबवर्तुळ बघून दोन-तीन अंशांचा फरक कळत नाही. त्यासाठी तीन फेजचा जुना गुण उपयोगी पडतो: तिघांची बेरीज शून्य. तीन सारखे रेझिस्टर घ्यायचे, मल्टिमीटरने निवडून, तिन्ही फेजांना एकेक, आणि तिघांची दुसरी टोकं एकत्र. त्या जोडावर ग्राउंडच्या तुलनेत एसी मिलिव्होल्ट मोजायचे. भाच्याच्या पहिल्या जोडणीत तिथे सव्वा व्होल्टच्या वर निघाला असता. दुरुस्तीनंतर वीस-तीस मिलिव्होल्ट उरले. आता वायचा प्रीसेट फिरवून आकडा जितका खाली जाईल तितका न्यायचा, मग बीचा, मग पुन्हा वायचा. एकट्याने कुणाचंच पूर्ण जमत नाही, पण प्रत्येक फेरीला चूक पावपट होते, म्हणून संयम बायकोकडून उसना घेऊन पुढे जायचं.

तरीही शून्य झालं नाही. भाच्याने आयसीवर संशय घेतला, मी घरातल्या लाइटवर. घरातल्या लाइटचा साइन तरंग वरून जरा चेपलेला असतो, म्हणजे त्यात १५० आणि २५० हर्ट्झचंही थोडं असतं. आमचं सर्किट १२० अंश देतं ते फक्त ५० ला. १५० ला तोच वाय १५८ अंश मागे जातो. मूळ तरंग हुबेहूब पुढेमागे सरकला असं होत नाही. त्याचे अवयव वेगवेगळे सरकतात. उंच्या सगळ्यांच्या जशाच्या तशा, पण चेहरा बदललेला. म्हणून ५० चं सगळं मिटलं तरी १५० चा उरलासुरला गाळ बेरजेत शिल्लक राहतो, आणि तो प्रीसेटने जात नाही. ट्रान्सफॉर्मरऐवजी सिग्नल जनरेटरचा शुद्ध साइन लावला तेव्हा मल्टिमीटरने एका मिलिव्होल्टच्या आसपास दम घेतला.

एक गोष्ट मात्र बेरीज कधीच सांगत नाही: क्रम. वाय आणि बीच्या वायरी उलटसुलट झाल्या तरी बेरीज शून्यच. कार्डावरचा हिरवा दिवा क्रम सांगतो, पण इथे परीक्षा कार्डाचीच आहे. परीक्षार्थ्याला उत्तरपत्रिका विचारून भागत नाही. स्कोपला आरवर ट्रिगर करून, त्याच्या शिखरानंतर ६.६७ मिलिसेकंदांनी वायचं शिखर येतंय का ते एकदा बघून वायरींवर रंग लावले. ट्रान्सफॉर्मरची पिन उलटी घातली तर क्रम बिघडेल का, हा भाच्याचा प्रश्न चांगला होता. नाही बिघडत, तिघंही एकदम उलटे होतात.

फेज गेल्याची नक्कल करायला वायर उपटणं सोपं. पण शेतात चालू मोटारीची एक फेज गेली की मोटार स्वतःच त्या मेलेल्या वायरीवर बऱ्यापैकी व्होल्टेज तयार करते. वायर उपटल्यावर सुटणारी आणि शेतात न सुटणारी कार्डं मी पाहिली आहेत. म्हणून प्रत्येक फेजला एक पॉट लावून उंची थोडी थोडी कमी करत कार्ड कुठे सुटतं ते बघतो.

डबा तयार झाल्यावर कार्ड न्यायला आलेल्या पाटलांना मी तिन्ही दिवे लावून दाखवले. त्यांनी डबा हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला.

"म्हंजी घरच्या लाइटीवर तीन फेज निघतंय यातनं?"

"निघतं की."

"मग ह्योच द्या. पाच एचपीची मोटार हाय आपली."

मी सांगितलं, यातून जेमतेम वीस मिलिअँपिअर निघतात, मोटारीला सात-आठ अँपिअर लागतात. त्यांनी डबा परत टेबलावर ठेवला.

"मग साहेब, एवढ्या उद्योगापरीस माझ्या शेतावर यायचं हुतं. तिथं तीन फेज हायत की. रातच्याला."