आठ दिवस म्हणजे सात दिवस

भोसरीत आमचा छोटा कारखाना आहे. 'आमचा' म्हणजे मालकांचा; मी तिथे एक्सपोर्टचे कागद बघते. वीस वर्षांपूर्वी मी फ्रेंचच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. ही गोष्ट बायोडेटात लिहायची नसते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

एक दिवस ल्योंजवळच्या एका गिऱ्हाइकाने पाचशे पितळी व्हॉल्व्ह बॉडींचं कोटेशन मागवलं, तेही फ्रेंचमध्ये. कोटेशनला तिकडे 'दव्ही' म्हणतात. मालक म्हणाले, "अगं, दव्ही तर एक्सेलमध्ये तयारच आहे. वर दोन ओळींची मेल टाक, झालं."

त्या दोन ओळींनी माझे चार दिवस खाल्ले.

पहिला मसुदा मी मालकांना दाखवला. त्यांना फ्रेंच येत नाही, पण इंग्रजी येतं, आणि घात तिथेच होतो. 'Délai' शब्दावर बोट ठेवून ते गरजले, "डिले? माल निघायच्या आधीच उशिराची कबुली? काढ आधी तो शब्द!" फ्रेंचमध्ये 'देले' म्हणजे उशीर नव्हे, काम पुरं करायची मुदत, उशिराला 'रतार' म्हणतात. हे समजावताना चहा गार झाला. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे, राहू दे. पण त्या माणसाला इंग्रजी येत असलं तर?"

मुदत होती सहा आठवडे. मी तेवढंच लिहिलं होतं, आणि खरी चूक तीच होती. सहा आठवडे कधीपासून? गिऱ्हाईक मोजणार दव्हीवर 'बों पूर आकोर', म्हणजे 'मंजूर', असं लिहून सही केल्या दिवसापासून. मालक मोजणार पैसे बँकेत जमा झाल्या दिवसापासून. मधले दहा-बारा दिवस कुणाचे, यावरून पुढे भांडण ठरलेलं. त्यासाठी फ्रेंचमध्ये 'आ कोंते द' अशी एक भक्कम शब्दरचना आहे: अमुक गोष्टीपासून मोजून. मी लिहिलं, आगाऊ रक्कम मिळाल्यापासून मोजून सहा आठवडे. त्या एका 'पासून'ने मालक इतके खूश झाले की ते तो शब्द घरच्या बोलण्यातही वापरू लागले, असं वहिनी सांगत होत्या.

आगाऊ रकमेचीही एक गंमत झाली. मालक म्हणाले, "तीस टक्के इसार घे." मी शब्दकोशात शोधून 'आर' लिहिणार होते. नशीब, फ्रेंचच्या जुन्या मॅडमना फोन केला. त्या ओरडल्याच, "अगं, 'आर' लिहिलंस तर त्याला पाय मागे घ्यायची वाट मोकळी! तो इसार सोडून देईल आणि सुटेल. आणि तुम्ही मागे हटलात तर दुप्पट परत करायचा." तिकडच्या दिवाणी संहितेच्या 1590 व्या कलमात हे चक्क लिहिलेलं आहे. आम्हाला हवी होती पक्क्या सौद्यातली पहिली उचल, म्हणजे 'आकोंत'. पाचशे नग पितळ ओतून, घासून झाल्यावर 'इसार ठेवा तुम्हाला' असं ऐकायची आमची ऐपत नाही.

दव्हीची वैधता मी आधी 'तीस दिवस' लिहिली होती. मालक म्हणाले, तांबं वर गेलं की पितळ वर जातं, तिसाचे एकतीस झाले तर फरक मी कुठून भरू? मग तीस दिवस दव्हीच्या तारखेपासून, मेल मिळाल्यापासून की उघडल्यापासून, हा वाद पुन्हा नको म्हणून सरळ तारीखच टाकली: 30 एप्रिलपर्यंत, आणि पुढे 'अँक्ल्यू', म्हणजे तो दिवस धरून. हा इवलासा शब्द मला फार आवडला. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर असा एखादा शब्द असता तर जेवणावळीचे किती घोळ वाचले असते!

पोच त्यांच्या दारापर्यंत मागितली होती, म्हणून 'डीएपी' ही पोचीची अट, पुढे त्यांच्या गावाचं नाव आणि ती अट ज्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतली ती 'इन्कोटर्म्स 2020', असं लिहिलं. गावाचं नाव नसेल तर त्या तीन अक्षरांना अर्थ नाही. "दारापर्यंत म्हणजे तिकडची कस्टम ड्युटीही आपणच भरायची?" मालकांचा आवाज कापरा झाला. नाही; डीएपीत आयातशुल्क आणि तिकडची व्हॅट खरेदीदाराची. तरी मी ते एका वेगळ्या ओळीत लिहून टाकलं. मालकांना झोप लागावी म्हणून.

राहिला समारोप. फ्रेंच व्यापारी पत्राचा शेवट म्हणजे दरबारातून उलट्या पावली बाहेर पडणं. मी लिहिलं, 'आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत, कृपया आमच्या आदरपूर्वक अभिवादनाचा स्वीकार करावा.' मॅडमनी लाल रेघ मारली. प्रतीक्षेत कोण? आम्ही. स्वीकार कोण करणार? ते. म्हणजे या वाक्याप्रमाणे ते स्वतःच्याच उत्तराची वाट बघत बसले आहेत! 'प्रतीक्षेत' अशी सुरुवात केली की पुढे कर्ता 'आम्ही' हवा: 'आम्ही आपणांस विनंती करतो की स्वीकार करावा.' आणि वर 'मादाम, मस्य' लिहिलं असेल तर खालीही तेच. वरचं वर आणि खालचं खाली चालत नाही.

चार दिवसांनी मेल गेली. विषयात दव्हीचा क्रमांक आणि मालाचं नाव, दव्ही पीडीएफमध्ये जोडलेली, कुठे नावाला खोट नाही. पाचव्या दिवशी उत्तर आलं: पाचशे नग चार युरो पंच्याऐंशी सेंटना देण्याच्या आपल्या औदार्याने आम्ही भारावून गेलो आहोत.

मी आमची पाठवलेली मेल उघडली. मजकुरात एकूण रक्कम '4,850 युरो' अशी होती. शब्दाशब्दाला मॅडमना फोन केला, पण स्वल्पविराम मी बालपणापासूनच्या सवयीने हाताने टाकला होता. फ्रेंच लोक स्वल्पविराम दशांशासाठी वापरतात आणि हजारासाठी मोकळी जागा सोडतात. लिहायला हवं होतं 4 850,00. ती मोकळी जागाही साधी नको, नाहीतर 4 ओळीच्या शेवटी आणि 850 पुढच्या ओळीत जातो. वर्डमध्ये त्यासाठी `Ctrl+Shift+Space` दाबतात, हे मला त्या दिवशी कळलं.

दुरुस्तीची मेल गेली, तीही 'आम्ही विनंती करतो की स्वीकार करावा'सकट. तिकडून उत्तर: आम्ही 'कँझ झूर'मध्ये कळवतो.

"म्हणजे कधी?" मालकांनी विचारलं.

"शब्दशः पंधरा दिवस. अर्थ दोन आठवडे. आठवड्यालाही ते 'आठ दिवस' म्हणतात."

मालकांचा चेहरा उजळला. "अरे, म्हणजे आपल्यासारखेच की! इंग्रजांचंच काहीतरी चौदा दिवसांचं खूळ."

मी कॅलेंडरवर पंधराव्या दिवशी खूण केली. आज बाविसावा आहे. मालक मघाशी येऊन कॅलेंडरसमोर उभे राहिले, खुणेकडे बघितलं, आणि म्हणाले, "अगदी आपल्यासारखेच."